जर्मन खोका, सोलापुरी शब्द

मागं स्टुटगार्टमध्ये एका सहकाऱ्याच्या घरी खेळायला जमलो होतो, तेव्हा मला शेंगाचटणी टेबलावरून उचलायला लावली. हसून, 'प्लीज' म्हणून, पण लावली. मी कौतुकानं कडक भाकरी आणि चटणी घेऊन गेलो होतो. यजमानानं ती खिडकीजवळच्या एका बुटक्या कपाटावर नेऊन ठेवली, शेजारी ओल्या पुसण्यांचं पाकीट ठेवलं आणि समजावलं की आधी खायचं, मग हात पुसायचे, मग पत्त्यांना हात लावायचा. सगळे शहाण्यासारखे एकेक करून कपाटापाशी जात होते, चटणीला 'वंडरबार' म्हणत होते, हात पुसून परत येऊन बसत होते. पंगतीत वाढून झाल्यावर पान शेजारच्या खोलीत नेऊन ठेवावं, तसं मला वाटलं.

इथं चाळिशी-पन्नाशीची माणसं शनिवारी संध्याकाळी खोक्यातले खेळ खेळायला जमतात, आणि ते पोरखेळ समजले जात नाहीत. १९७९ पासून 'वर्षातला खेळ' असा पुरस्कार आहे. तो समीक्षकांचं मंडळ देतं, आणि लाल सोंगटीचं ते चिन्ह खोक्यावर आलं की दुकानात खप वाढतो. हे सगळं मला आवडतं. पण चटणी? खेळताना तोंड चालू नसेल तर त्याला बैठक म्हणायचं कशाला? आपल्याकडे पत्त्यांचा कॅट तेलकट झाला, एक्क्याचा कोपरा फाटून तो पाठीमागून ओळखू यायला लागला, की नवा आणायचा. इतकं सोपं आहे. बरं, ज्या लुडोला हे लोक आजोबांच्या काळचा खेळ म्हणतात, तो आपल्या पचिसीवरून इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये पेटंट झाला. सोंगट्या आमच्या आणि हात पुसायचं आम्हालाच सांगतात.

असो. चिडचिड झाली तरी त्या संध्याकाळीच ठरवलं की या खेपेला सोलापूरच्या मंडळींना विमानतळावरची चॉकलेटं न्यायची नाहीत, खेळ न्यायचा. मंडळी म्हणजे वकील, मास्तर, चादरीचा कारखाना सांभाळणारा एक, त्यांच्या बायका, आणि कुणाचा तरी मेहुणा. जुळे सोलापुरात एकाच्या गच्चीवर बसतात, मेंढीकोट खेळतात, पहाटेपर्यंत एकमेकांच्या चुका काढतात.

अशांना खेळ भेट द्यायचा तर पहिली अडचण डोकी मोजण्याची. जर्मनीत निमंत्रणाच्या निरोपातच विचारतात, किती जण येणार, कारण त्यावर खेळ ठरतो. इथला गाजलेला 'कटान' घ्या. उत्तम खेळ, १९९५ चा पुरस्कार त्याला मिळाला, पण मूळ खोका तीन-चार जणांचा. गच्चीवर 'येतोच बे' म्हणणारा साडेनऊला येतो आणि सोबत साडू आणतो. पाचव्यानं काय करायचं? म्हणून माझी अट अशी होती की खेळ दोन गटांत खेळता यावा, गट विषम असले तरी चालावं, आणि उशिरा आलेला माणूस मधेच कुठल्याही बाजूला जाऊन बसावा.

या अटीत चपखल बसतो तो 'कोडनेम्स'. व्लादा ख्वातिल नावाच्या चेक माणसानं केलेला, २०१५ मध्ये आलेला, २०१६ चा पुरस्कार मिळवलेला. जमिनीवर ५ बाय ५ असे २५ शब्द मांडायचे. दोन गट, लाल आणि निळा, प्रत्येकाचा एक म्होरक्या. दोघा म्होरक्यांसमोर एक छोटा नकाशा असतो, त्यात कुठला शब्द कुणाचा हे दिसतं. सुरुवात करणाऱ्या गटाचे ९, दुसऱ्याचे ८, कुणाचेच नसलेले ७ आणि एक काळा. काळ्याला हात लावला की डाव तिथंच संपतो, तुम्ही हरलात. म्होरक्यानं फक्त एक शब्द आणि एक आकडा बोलायचा, उदाहरणार्थ 'पाणी, ३', म्हणजे माझ्या संकेतात बसणारे आपले तीन शब्द इथं आहेत. बाकीच्यांनी चर्चा करून एकेक शब्दावर बोट ठेवायचं. चुकलं की पाळी संपली. म्होरक्यानं चेहरा दगडासारखा ठेवायचा, आणि खरं सांगायचं तर आमच्या मंडळींना नियमांतला हाच भाग सगळ्यात अवघड जातो.

खोका आणला तो इथल्या जुन्या बाजारातून, तोही जर्मन. ऐकणाऱ्यानं कपाळाला हात लावला, पण मी मुद्दाम तसं केलं. या खेळात भाषा असते ती फक्त शब्दांच्या पत्त्यांवर. ४० नकाशे, ते धरायचं स्टँड, ओळखलेल्या शब्दावर ठेवायचे लाल-निळे-काळे झाकपत्ते, वाळूचं घड्याळ, यातल्या कशावर अक्षर नाही. आणि जर्मन काय किंवा इंग्रजी काय, ते शब्द आमच्या मास्तरांच्या बायकोला काय कामाचे? त्या खुर्चीत बसून नुसत्या हसत राहिल्या असत्या. म्हणून मूळ पत्ते बाजूला ठेवले आणि मराठी शब्द करायचे ठरवले.

शब्द निवडणं हाच खरा उद्योग निघाला. पहिल्या यादीत मी हौसेनं सगळं सोलापूर भरलं: चादर, टॉवेल, हुरडा, भाकरी, चटणी, धपाटे, गड्डा, भुईकोट. घरी बायकोबरोबर मांडून बघितलं तर ती पहिल्याच पाळीत म्हणाली, 'खाणं, ६', आणि खेळ संपत आला. एकाच जातीचे शब्द जास्त झाले की असं होतं. उलट नुसती विशेषनामं भरली तर एकाचा दुसऱ्याशी धागाच लागत नाही आणि प्रत्येक जण 'अमुक, १' म्हणत रांगत राहतो. यादी बरी की वाईट हे ओळखायची खूण हीच: दोन-तीन डाव खेळून बघा, बहुतेक संकेत दोन किंवा तीनचे येत असतील तर जमलं. मग मी गावातले शब्द एक तृतीयांशावर आणले आणि उरलेल्यात दोन-दोन अर्थांचे घातले: हार, पान, काटा, तार, वार, गिरणी. असा शब्द चार दिशांना ओढता येतो, आणि म्होरक्याला त्याचीच भीती वाटते.

१०० पत्ते, दोन्ही बाजूंनी मिळून २०० शब्द झाले. एका डावाला २५ लागतात, त्यामुळे पुष्कळ दिवस पुरतील. सोलापुरात लग्नपत्रिका छापणाऱ्या एकाकडून व्हिजिटिंग कार्डाच्या जाड कागदावर छापून घेतले, मूळ पत्त्याच्या मापाला कापून, नाहीतर झाकपत्ता नीट बसत नाही. शब्द प्रत्येक पत्त्यावर दोनदा, एकदा सुलटा आणि एकदा उलटा, म्हणजे सतरंजीच्या दोन्ही बाजूंनी वाचता येतो. वर प्लास्टिकचा थर देऊन घेतला. हो, चटणीसाठीच. पुसण्यांचं पाकीट मी नेणार नव्हतो. जाड कागदाचा आणखी एक फायदा तिथं गेल्यावर कळला: पंखा चालू असला तरी पत्ते उडत नाहीत, आणि चादरीवर मांडले तर सरकतही नाहीत. इथल्या खेळांत वापरतात ते पातळ पत्ते सोलापूरच्या पंख्याखाली पहिल्या मिनिटात कठड्यापर्यंत गेले असते.

आधी अर्थातच ऐकून घ्यावं लागलं. 'काय बे, जर्मनीहून पोरांचं खेळणं आणलास?' वकील म्हणाला. तासाभरानं तोच वाळूच्या घड्याळावरून भांडत होता.

एक डाव सांगतो. कारखानदाराच्या बायको, म्हणजे वहिनी, म्होरक्या होत्या. त्यांच्या उरलेल्या शब्दांत हुरडा, गड्डा आणि गिरणी होते. 'जानेवारी, २' हे कुणालाही सुचेल, गड्डा यात्रा संक्रांतीची आणि हुरडाही त्याच थंडीतला. पण पतंग हा शब्दही समोर होता आणि तोच काळा होता. वहिनी घड्याळ दोनदा उलटं होईपर्यंत गप्प बसल्या आणि म्हणाल्या, 'धूर, २'. हुरडा आगटीत भाजतात तो धूर, आणि गिरणी म्हणजे जुन्या कापडगिरणीचं धुराडं. मला इथं बसून हा संकेत सात जन्मात सुचला नसता. पण त्यांच्या गटात वकील. त्याच्या डोक्यात गिरणी म्हणजे पिठाची, तिला कुठला धूर? त्यानं 'रेल्वे'वर बोट ठेवलं. रेल्वे निळ्यांची निघाली. वहिनींचा चेहरा दगडासारखा राहिला, पण नवऱ्याकडे त्यांनी जे पाहिलं ते नियमात बसत होतं की नाही यावर पुढचा अर्धा तास गेला.

दुसरा वाद भाषेचा. आमच्यात एकाच्या घरी तेलुगू, एकाच्या घरी कन्नड. पूर्व भागातल्या मित्रानं सरळ तेलुगूत संकेत टाकला आणि त्याच्या मेहुण्यानं बरोबर उचलला. मूळ नियमपुस्तकात याचं उत्तर आहे: परभाषेतला शब्द तुमच्या बोलण्यात रोज येत असेल तरच चालतो, नियमाला वळसा घालायला नाही. म्हणजे 'कॉलेज' चालेल. पण सोलापुरात रोजच्या बोलण्यात काय येतं आणि काय येत नाही, हे कोण ठरवणार? शेवटी बहुमतानं ठरलं की समोर बसलेल्या दोन्ही गटांना कळतो तो शब्द चालेल. स्टुटगार्टमध्ये हे पुस्तकात बघून मिटलं असतं. आमच्याकडे मतदान झालं, आणि मला तेच जास्त शहाणपणाचं वाटतं. मी लांब राहतो म्हणून असं वाटतं, असं म्हणा हवं तर.

कोडी आवडणाऱ्यांसाठी इथं 'एक्झिट' नावाचे खोके मिळतात, बंद खोलीतून सुटायचे. कल्पना छान आहे, पण त्यातले कागद कापावे, दुमडावे लागतात, उत्तर कळलं की खोका संपला. शिवाय खोक्यावर जास्तीत जास्त चारच खेळाडू लिहिलेले असतात. एखाद्या जोडप्याला द्यायला हरकत नाही, गच्चीवरच्या गर्दीला नको. हजार तुकड्यांचं चित्र जोडायचं कोडं तर सुमारे ७० बाय ५० सेंटिमीटर जागा अडवतं आणि काही दिवस तसंच पसरून ठेवावं लागतं. ज्या घरात रात्री त्याच जागी गाद्या पडतात तिथं ते भेट म्हणून देणं म्हणजे भांडण देणं.

येताना मी ३० कोरे पत्ते मुद्दाम ठेवून आलो. त्यातले किती भरले माहीत नाही, पण ग्रुपवर रोज नवे शब्द येतायत. वकिलानं 'तारीख' सुचवलाय, त्याला हरकत नाही. कारखानदाराला 'जीएसटी' हवंय. त्यावर मास्तरांचं म्हणणं असं की त्याचा संकेत कायम 'डोकेदुखी' येणार, पत्ता वाया जाईल. मतदान रविवारी आहे आणि मला मत नाही म्हणे, कारण मी हजर नाही.