यादीतला सतरावा मुद्दा

धायरीच्या नव्या फ्लॅटचा ताबा आम्ही पाडव्याला घेतला. बिल्डरच्या कार्यालयातल्या मुलाने सहीसाठी पुढे केलेल्या ताबापत्रावर ‘सदनिका पाहून आमचे पूर्ण समाधान झाले आहे’ असे वाक्य आधीच छापलेले होते. आमच्या यजमानांनी सही करण्यापूर्वी त्या वाक्याखाली ‘सोबतच्या यादीतील मुद्दे वगळून’ असे चार शब्द पेनाने लिहिले आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवला. मुलगा जरा हिरमुसला, पण पेढे त्याने दिले.

यादीत एकतीस मुद्दे होते, आणि त्यांतले नऊ एकट्या सासूबाईंनी शोधलेले होते. माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहावा, तशी त्यांनी लाटणे घेऊन हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंतची प्रत्येक फरशी वाजवली. खाली माल नीट भरलेला असेल तर आवाज भरीव येतो. पोकळी राहिली असेल तर फरशी बद्द वाजते, आणि अशा फरशीच्या कोपऱ्यावर कपाटाचा पाय आला की ती तडकते. या नऊ फरश्या, न लागणारी दारे, उलट्या बसवलेल्या बटणांच्या पट्ट्या हे सगळे महिनाभरात मार्गी लागले. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

सतरावा मुद्दा माझा होता, आणि त्यातली चूकही माझीच होती. बेडरूमच्या ज्या भिंतीपलीकडे बाथरूम आहे, तिथे स्कर्टिंगच्या वर वीतभर उंचीवर रंगाला फुगे आले होते. मी यादीत लिहिले, ‘बेडरूमची भिंत, रंगाचे पोपडे, रंग पुन्हा द्यावा.’ दोन माणसे आली, त्यांनी पोपडे खरवडले, पुट्टी भरली, रंगाचे दोन हात दिले आणि साइट इंजिनिअरने मुद्दा बंद केला. मी मागितले तेच मला मिळाले होते. तीन आठवड्यांनी फुगे पुन्हा आले, तेही आधीपेक्षा चार बोटे वर.

तेव्हापासून मी यादीतून ‘काय करावे’ हा रकाना काढून टाकला. आपण फक्त काय दिसते, कुठे दिसते आणि ते गेले हे कसे ओळखायचे, एवढेच लिहावे. उपाय लिहिला की कारण शोधण्याची समोरच्याची जबाबदारी आपणच संपवतो. मुद्दा आता असा झाला: ‘बेडरूमच्या भिंतीला बाथरूमच्या बाजूने ओल. बंद करण्याची अट: बाथरूममध्ये अठ्ठेचाळीस तास पाणी साठवून ओल न वाढणे.’

दुसरी अडचण बिल्डरच्या तक्रारींच्या ॲपची होती. तिथे बंद झालेली तक्रार पुन्हा उघडता येत नसे, नवी नोंदवावी लागे आणि तिला नवा क्रमांक मिळे. त्यामुळे दोन महिन्यांची आमची ओल त्यांच्या पडद्यावर नेहमी आठवड्यापूर्वीचीच असायची. रेरा कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष निदर्शनास आणून दिला, तर तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणे विकासकावर बंधनकारक आहे. हे तीस दिवस कधीपासून मोजायचे याला महत्त्व असल्याने मी ॲपच्या जोडीला दर वेळी ई-मेल पाठवू लागले, आणि त्यात मुद्दा सतराच राहिला, पहिल्या तक्रारीची तारीखही तीच राहिली. प्रत्येक पत्राचा सूर मात्र सौम्य होता, कारण इंजिनिअर बिचारा तीन इमारतींच्या याद्या एकट्याने सांभाळत होता.

तो म्हणाला, “काकू, गीझर बसवताना तुमच्या माणसाने पाइपला भोक पाडलं असेल.” ही शंका चुकीची नव्हती; आपण स्वतः केलेल्या फेरफारातून आलेला दोष बिल्डर अंगावर घेत नाही. सुदैवाने फुग्यांचा पहिला फोटो गीझर येण्याच्या बारा दिवस आधीचा होता. सुतारालाही त्या भिंतीवरचे कपाट करायला मी थांबवले होते. प्लायच्या मागे ओल वाढली असती तर ती आम्हाला वासावरूनच कळली असती.

मग आम्ही दोघांनी मिळून शोध सुरू केला. ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तिच्यावर तारीख लिहिली. आधी चार दिवस बाथरूमचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला, पण तिथे कोणी अंघोळ केली नाही. भिंतीतल्या पाइपमध्ये पाणी सतत दाबाखाली असते, म्हणून पाइप गळत असेल तर वापर नसतानाही ओल वाढते. रेघ जिथे होती तिथेच राहिली. मग न्हाणी ट्रॅप फडके आणि प्लास्टिकने घट्ट बुजवून उंबऱ्याच्या खाली राहील इतके, साधारण दोन बोटे पाणी साठवले आणि टाइलवर पातळीची खूण केली. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेखाली अर्ध्या बोटाने उतरले होते. बंद बाथरूममध्ये एका दिवसात एवढे पाणी हवेत उडून जात नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीवरची ओल पेन्सिलीच्या रेघेबाहेर आली.

बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो, आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरतात. टाइलच्या सांध्यांतून किंवा ट्रॅपच्या कडेने पाणी उतरले की ते या कोब्यात साठते आणि दिव्याच्या वातीने तेल ओढावे तसे भिंतीचा गिलावा ते वर ओढतो. म्हणूनच नळ बंद केल्यावरही कित्येक दिवस भिंत ओली दिसते, आणि ‘वापर नाही तरी ओल आहे, म्हणजे ती बाथरूमची नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही. रेघ ओलांडली जाते का, एवढेच पाहायचे.

ट्रॅपभोवतीच्या टाइल काढल्यावर ट्रॅप आणि कोबा यांच्यामधला माल बोटानेच निघाला. गवंड्याने तो साफ करून पक्का भरला, वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले आणि ते भिंतीवरही फूटभर चढवले. त्याला लगेच टाइल बसवायची होती. आम्ही आग्रहाने पुन्हा दोन दिवस पाणी साठवून घेतले, कारण टाइल बसल्यावर पाणी झिरपले तर सगळे परत फोडावे लागले असते. या वेळी पातळी खुणेवरच राहिली. टाइल बसल्यावर तीच चाचणी आणखी एकदा झाली. रंग मात्र आम्ही लगेच लावू दिला नाही. गिलावा खरवडून भिंत महिनाभर उघडी ठेवली. पाहुण्यांना ती दाखवताना मी ‘ही वाळत घातली आहे’ असे सांगत असे.

सतराव्या मुद्द्यासमोर बंद झाल्याची तारीख मी स्वतः लिहिली, आणि इंजिनिअरने शेजारी सही केली. सुतार आता कपाटाचे माप घेऊन गेला आहे. यादीत एकच ओळ उरली आहे: ‘हॉलची पश्चिमेची खिडकी, चौकटीखालच्या सांध्यात फट. फट भरली. चाचणी: पाऊस.’ तो रकाना अजून कोराच आहे, आणि सासूबाईंनी खिडकीखाली जुन्या धोतराची घडी आत्ताच ठेवून दिली आहे.