पूल कोसळताना प्रेक्षक थांबले होते

माझा बारा मिनिटांचा इंग्रजी व्हिडिओ अमेरिकेतल्या टकोमा नॅरोज पुलावर होता. हा पूल जुलै 1940 मध्ये खुला झाला आणि त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला वाऱ्यात पिळवटून कोसळला. कुठल्या क्षणी किती टक्के प्रेक्षक अजून पाहत आहेत ते दाखवणाऱ्या, व्हिडिओच्या रिटेन्शन आलेखात नवव्या मिनिटाच्या आसपास एक खाच दिसत होती. निवेदनाचा भावनिक चढउतार सेकंदांवर मांडला तर ती खाच का पडली ते कळेल, असं मला वाटलं.

आपोआप तयार झालेल्या कॅप्शनमध्ये विरामचिन्हं नव्हती, त्यामुळे वाक्य कुठं संपतं हेच कळेना. म्हणून मूळ स्क्रिप्ट घेतली, कॅप्शनच्या एसआरटी फाइलमधल्या वेळा तिला जोडल्या आणि प्रत्येक वाक्याला व्हेडर या भावना मोजणाऱ्या साधनाचा स्कोअर दिला. हा शब्दकोशावर चालणारा स्कोअर उणे 1 ते अधिक 1 असतो. युट्यूब रिटेन्शनचे 100 बिंदू देतं, म्हणजे माझ्या व्हिडिओत दर 7.2 सेकंदांना एक. व्हिडिओच्या वेळेचे तेवढेच खण करून प्रत्येक खणातल्या वाक्यांच्या स्कोअरची सरासरी काढली. आलेखाचा आडवा अक्ष शब्दसंख्येवर नेऊ नका. आपण कुठं भरभर बोलतो, कुठं थांबतो. प्रेक्षक मात्र घड्याळाप्रमाणे पुढे जातो.

दोन्ही रेषा एकावर एक ठेवल्या आणि सहसंबंध निघाला 0.61. मी हरखून गेलो. मग खात्रीसाठी त्याच रिटेन्शनशेजारी दुसऱ्याच एका व्हिडिओचा भावनिक आलेख ठेवला, तर तिथंही 0.5 च्या वर! कारण साधं होतं. पुलाच्या उद्घाटनाच्या कौतुकाने सुरू होणारी गोष्ट अपघाताकडे उतरत जाते आणि रिटेन्शनही बहुतेक वेळा उतरतच असतं. उतरणाऱ्या कुठल्याही दोन रेषा अशा जुळतात.

रिटेन्शनची उंची म्हणजे तोवर टिकलेल्यांची शिल्लक. या क्षणी काय घडलं ते कळतं उतारावरून, म्हणजे या खणात किती जण गेले त्यावरून. म्हणून तुलना उताराशी करायला हवी. पहिला अर्धा मिनिट वगळला, कारण तिथली गळती शीर्षक पाहून आलेल्यांच्या अपेक्षेची असते. शेवटचे चार खणही काढले. खालच्या कोडमध्ये `ret` म्हणजे रिटेन्शनचे 100 बिंदू आणि `mood` म्हणजे प्रत्येक खणाचा सरासरी स्कोअर.

```python
drop = -np.diff(ret)[4:-4]
s = mood[1:][4:-4]
ok = ~np.isnan(s)
r = np.corrcoef(s[ok], drop[ok])[0, 1]
```

आता आकडा आला 0.04, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. निराश होऊन मी वाक्यं एकेक करून वाचायला बसलो आणि खरी गडबड तिथं सापडली. पुलाच्या खांबांविषयी बोलताना मी वारंवार `support` आणि `strong` म्हणालो होतो. कोशाच्या लेखी ते आनंदाचे शब्द. `stress` आणि `failure` हे अभियांत्रिकीतले रोजचे शब्द, पण त्यांना उणे गुण. असे अकरा शब्द कोशातून काढून टाकले.

दुसरी चूक माझीच होती. पूल कोसळतानाचं जुनं चित्रण मी सुमारे 43 सेकंद निवेदनाशिवाय दाखवलं होतं. त्या सहा रिकाम्या खणांत मी शून्य भरलं होतं. म्हणजे व्हिडिओतला सगळ्यात थरारक भाग माझ्या आलेखात सपाट! ट्रान्सक्रिप्टला शांतता ऐकू येत नाही. ते खण रिकामेच ठेवले. वरच्या कोडमधली `ok` ही ओळ त्यासाठीच आहे. रिटेन्शन मात्र तिथं किंचित वर गेलं होतं, कारण लोक मागे जाऊन तो भाग पुन्हा पाहत होते.

एवढं केल्यावर सहसंबंध 0.27 झाला, आणि तोही माझ्या अंदाजाच्या उलट: निवेदन जितकं सुखद, तितके जास्त लोक निघून गेले. हा योगायोग आहे का, हे पाहायला भावनेची रेषा एकेक खण सरकवत 90 वेळा तोच हिशेब केला. 13 वेळा आकडा 0.27 किंवा जास्त आला. एवढ्यावर ठाम काही म्हणता येत नाही. शेजारचे खण एकमेकांसारखेच असतात, त्यामुळे 91 खण म्हणजे 91 स्वतंत्र नोंदी नव्हेत.

तरी नवव्या मिनिटाची खाच पाहिलीच. 8:50 ला मी वाऱ्यामुळे पुलात निर्माण झालेलं, स्वतःच वाढत जाणारं कंपन समजावून संपवतो. त्यानंतरचं वाक्य होतं, ‘यानंतरचे पूल अधिक सुरक्षित झाले.’ तो सगळ्या स्क्रिप्टमधला सर्वात वरचा स्कोअर. त्याच्या लगेच पुढच्या दोन खणांत रिटेन्शन 46 टक्क्यांवरून 41 वर आलं. इतरत्र एका खणात अर्धा टक्काही जात नव्हता. कोसळण्याच्या भागात कोणी कंटाळलं नव्हतं. उत्तर मिळालं, मन निवलं आणि लोक उठले.

पुढच्या व्हिडिओत मी कारणाचा खुलासा करण्याआधीच दुसरा प्रश्न उभा केला: नवा पूल त्याच जागी कसा टिकला? ते सुखद वाक्य शेवटच्या मिनिटात नेलं. त्याचे 100 बिंदू आले की हेच चार ओळींचं कोड तिथं चालवणार आहे.