पंढरपूर: पहिलं पदस्पर्श दर्शन, चपलांपासून गाभाऱ्यापर्यंत

पंढरपूरच्या विठोबाच्या पायांवर स्वतःचं डोकं टेकवता येतं. बहुतेक मोठ्या देवस्थानांत देव दुरून, कठड्यापलीकडून पाहायचा असतो. इथे मात्र कोणीही, कुठल्याही जातीपातीचा भाविक, गाभाऱ्यात जाऊन पायांना शिवू शकतो. यालाच पदस्पर्श दर्शन म्हणतात. रांग, चपला, हार, मोबाईल यांबद्दल इथे जे नियम आणि रीती आहेत, त्या सगळ्या या एका गोष्टीसाठी आहेत. पायांशी तुम्हाला जेमतेम दोन-तीन क्षण मिळतात, आणि त्या वेळी हात मोकळे आणि मन शांत असायला हवं. परवा सासूबाई आणि भाचीला घेऊन गेले होते. भाचीचं हे पहिलंच दर्शन. तिच्या बरोबरीने पुढे जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

दिवस निवडताना एकादशी टाळा, असं मी पहिल्यांदा येणाऱ्याला स्पष्ट सांगेन. आषाढी-कार्तिकीला दर्शनाची रांग मंदिरापासून गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते आणि माणसं रात्ररात्र उभी असतात. तो सोहळा वेगळाच आहे, पण तो वारकऱ्यांच्या सोबतीने, त्या तयारीनेच करावा. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांनाही गर्दी असते. आम्ही आठवड्याच्या मधल्या दिवशी, पहाटे निघून सकाळी लवकर पोहोचलो.

रीत अशी, की आधी चंद्रभागा, मग पुंडलिक, मग विठोबा. स्नान नाही झालं तरी हातपाय धुऊन पाणी डोळ्यांना लावतात. पुंडलिकाचं देऊळ नदीच्या वाळवंटात आहे. ज्याच्यासाठी देव विटेवर उभा राहिला त्याला आधी भेटायचं, एवढा साधा विचार त्यामागे आहे. नदीला पाणी जास्त असेल तर घाटावरूनच हात जोडावे आणि पाण्यात उतरायचा हट्ट धरू नये. वाळवंटात बायका-पुरुष उघड्यावर स्नान करत असतात. तिथे मोबाईल खिशातच ठेवावा. घाटाचा, शिखरांचा फोटो घ्यायला हरकत नसते, पण स्नान करणारं कोणी चौकटीत येत असेल तर फोटो नकोच.

तिथून वर आलं की महाद्वार, आणि त्याची पहिली पायरी म्हणजे नामदेव पायरी. संतांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून नामदेवांनी ही जागा मागितली, अशी श्रद्धा आहे. म्हणून या पायरीवर पाय ठेवायचा नाही. वाकून हात लावायचा, कपाळाला लावायचा. समोरच चोखोबांची समाधी आहे, आणि घाईत पुष्कळजण तिच्याकडे पाठ करून उभे राहतात. चोखोबांना हयातीत मंदिरात प्रवेश नव्हता. दलितांना हे दार उघडं झालं ते 1947 साली, साने गुरुजींनी पंढरपुरात केलेल्या उपोषणानंतर. रांगेत उभं राहण्याआधी इथे दोन मिनिटं थांबावं, असं मला मनापासून वाटतं. आज आपण सगळे एकाच बारीत उभे राहतो, ते कोणामुळे, हे भाचीला इथेच सांगता आलं.

आता चपलांचं. इथे खरी अडचण चपलांच्या चोरीची नाही, वाटेची आहे. ज्या बाजूने तुम्ही दर्शनबारीत शिरता, त्या बाजूने बाहेर येत नाही. दर्शन मंडपातून आत, गाभाऱ्यातून पुढे रुक्मिणीमातेकडे, आणि बाहेर पडायचं ते मंदिराच्या दुसऱ्या बाजूला. शिरताना चपला जवळच्या दुकानात ठेवल्या, तर दर्शन झाल्यावर अनवाणी मंदिराला अर्धा फेरा मारावा लागतो. उन्हाळ्यात दुपारी ती फरशी आणि तो डांबरी रस्ता पायांना सोसत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांचे तर हालच होतात. आम्ही चपला मुक्कामाच्या खोलीवरच काढल्या आणि सकाळच्या गारव्यात अनवाणी गेलो. खोली लांब असेल तर आधी बाहेर पडण्याचं दार कुठे आहे ते विचारून घ्या आणि त्या बाजूला चपला ठेवा. चपला पिशवीत घालून रांगेत नेणारे दिसतात. ते करू नका. शेजारच्याच्या हातात तुळशीहार असतो आणि तुमची पिशवी त्याला घासत असते. प्रासादिक दुकानदार "चपला इथे ठेवा" म्हणून बोलावतात, तेव्हा त्यांच्याकडून काहीतरी घ्यावं अशी अपेक्षा असते. ती मान्य असेल तरच ठेवा.

मोबाईल आणि कॅमेरा मंदिरात नेता येत नाही. रांगेच्या तोंडाशी तपासणी होते आणि तिथून परत पाठवलं तर गेलेली जागा पुन्हा मिळत नाही. म्हणून मोबाईल खोलीवर, गाडीत किंवा लॉकरमध्ये ठेवूनच निघा. यातून एक गोष्ट ओघाने येते: आत गेल्यावर एकमेकांना फोन करता येणार नाही. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा. आम्ही चोखोबांची समाधी ठरवली होती. लहान मुलाच्या खिशात नाव आणि मोबाईल क्रमांक लिहिलेला कागद ठेवावा. गाभाऱ्यातला फोटो हवा असतो तो बाजारात चांगला मिळतो, आणि मंदिर समिती थेट दर्शनही दाखवते. लपवून फोटो काढण्याचा प्रयत्न करणाऱ्यामुळे मागची सगळी रांग अडते.

बारीत शिरताना हातात काय असावं? तुळशीचा हार, थोडा बुक्का, बस. विठोबाला तुळस सगळ्यात प्रिय. मोठं ताट, पेढ्यांचे पुडे, भरगच्च फुलांचे हार हे सगळं गाभाऱ्यात हातात अडकून बसतं आणि डोकं टेकवायची वेळ निघून जाते. नारळ फोडायची जागा गाभारा नाही. प्रसाद दर्शनानंतर घ्यावा. हार आपण देवाच्या गळ्यात घालायचा नसतो. तो पायांशी ठेवायचा किंवा पुजाऱ्यांच्या हाती द्यायचा. बुक्का पायांवर चोळायचा नाही, स्वतःच्या कपाळी लावायचा.

चोळायचा नाही म्हणण्याला कारण आहे. मूर्ती दगडाची असली तरी शतकानुशतकांचे अभिषेक आणि रोजचे हजारो स्पर्श यांनी तिची झीज होते. ती जपण्यासाठी मूर्तीवर वेळोवेळी वज्रलेप करावा लागला आहे. 2024 मध्ये मंदिराच्या जतनाच्या कामासाठी मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्श बंदच होता. म्हणून अंगठ्या, कडी, जाड बांगड्या शक्य तर काढून ठेवा, नखं लागू देऊ नका, पाय हातांनी घट्ट धरू नका. कपाळ हलकेच टेकवा, तेवढंच दर्शन पूर्ण असतं.

रांगेत शिरण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या, पोटात काहीतरी असू द्या. साध्या दिवशीही दोन-तीन तास धरून चला. नैवेद्य, पोशाख अशा उपचारांच्या वेळी दर्शन थांबतं आणि रांग एकदम गोठल्यासारखी होते. "काय झालं, पुढे का जात नाही" म्हणून मागून रेटा सुरू होतो, तो तेव्हाच. पहिल्यांदा आलेल्याला हे माहीत असलं की तो घाबरत नाही. उपचार आटोपले की रांग आपोआप चालू लागते. मधे बाहेर जावं लागलं तर पुढच्या-मागच्या दोघांना सांगून जा. इथे अनोळखी माणसालाही "माउली" म्हणतात, आणि "माउली, जरा जागा धरा" म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही. आमच्यामागे एक आजी होत्या, त्या सलग हरिपाठ म्हणत होत्या. भाचीला सूर पकडता यावा म्हणून त्या मुद्दाम हळू म्हणू लागल्या. रांगेत गप्पांपेक्षा नामस्मरण चालतं आणि ते कोणी शिकवावं लागत नाही.

बारीच्या आसपास "लवकर दर्शन करून देतो, एवढे द्या" म्हणणारे भेटतात. आम्हालाही एकजण भेटला. त्याला पैसे देऊ नका. काही अडचण असेल, आजारी माणूस असेल, तर मंदिर समितीच्या कार्यालयात जाऊन विचारा. देणगी द्यायची तर तिथेच पावती घेऊन द्या किंवा दानपेटीत टाका.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांच्यासाठी आम्ही मुखदर्शन निवडलं. ती रांग वेगळी आणि पुष्कळ लहान. देव काही अंतरावरून समोर दिसतो, डोळे भरून पाहता येतो, पायांपर्यंत मात्र जाता येत नाही. वाकता येत नसेल, धाप लागत असेल, तान्हं मूल असेल तर मुखदर्शनच घ्यावं. ते कमी प्रतीचं आहे असं मानू नये. ज्यांना तेही जमत नाही ते कळसाला हात जोडतात, आणि वारकरी परंपरेत त्या दर्शनालाही मान आहे. माझे यजमान सासूबाईंबरोबर गेले आणि अर्ध्या तासात दोघं बाहेर येऊन ठरल्या जागी बसले.

गाभाऱ्याकडे जाताना सोळखांबी मंडप लागतो. तिथे गरुडखांब आहे, त्याला आलिंगन देण्याची रीत आहे. रांग हलती असेल तर नुसता हात लावून पुढे सरका. चौखांबीत आलात की तयारी करा: टोपी-फेटा काढून काखेत, चष्मा खिशात, ओढणी-पदर खोचलेला, हार उजव्या हातात. भाचीला मी एवढंच सांगितलं होतं, की आधी चेहरा बघ, मग वाक. कारण गाभाऱ्यात पाऊल पडताच पुजारी वाकायला सांगतात, डोकं टेकलं की पुढे काढतात, आणि अनेकांना बाहेर आल्यावर लक्षात येतं की मुख पाहायचं राहूनच गेलं. दारातून आत येतानाच नजर वर ठेवावी. कर कटेवर, कानी मकरकुंडलं, सगळं तेव्हाच दिसतं. मग हार द्यावा, कपाळ टेकवावं आणि मागे न वळता पुढे सरकावं. कोणी खांद्याला धरून पुढे काढलं तर राग धरू नका. मागे हजारो माणसं तासन्‌तास उभी असतात.

त्यानंतर रुक्मिणीमातेचं दर्शन. तिचं मंदिर वेगळं, विठोबाच्या मागच्या बाजूला आहे, आणि पहिल्यांदा येणारे कधीकधी थेट बाहेर पडतात. तसं करू नका. ओटी भरायची असेल तर खण, नारळ, हळद-कुंकू आधीच एका छोट्या कापडी पिशवीत काखेला लावून ठेवा, म्हणजे विठोबापाशी हात अडकत नाहीत. ओटी पुजाऱ्यांच्या हाती द्यायची.

बाहेर आल्यावर बाजार. बुक्का, कुंकू, तुळशीची माळ, चुरमुरे-बत्तासे हे सगळं तेव्हा घ्यावं. मुख्य रस्त्यावरच्या पहिल्याच दुकानात न थांबता दोन गल्ल्या आत जाऊन भाव विचारावा. माळ घेताना मणी तुळशीच्या लाकडाचे आहेत का ते विचारा. गळ्यात घालण्यासाठी घेणार असाल तर ती एखाद्या जाणत्या वारकऱ्याच्या हातून घालून घेतात आणि त्याबरोबर काही नेम पाळावे लागतात, तेही आधी समजून घ्या. भाचीने माळ घेतली नाही. पुढच्या वेळी आजोबांबरोबर येऊन घालीन म्हणाली.