अंगकोरला गाइड कुठे घेतला आणि कुठे नाही

अंगकोरला जायचं ठरलं तेव्हा आईने पहिलाच प्रश्न टाकला, "गाइड कशाला गं? कुरुक्षेत्र आणि समुद्रमंथन आपल्याला कोणी समजावून सांगायला हवंय का?" तिचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. नेमकं कुठलं अर्धं, हे शोधण्यातच माझा तयारीचा बराच वेळ गेला.

कंबोडियातलं अंगकोर म्हणजे एक देऊळ नव्हे. कित्येक चौरस किलोमीटरवर पसरलेली ती देवळं आहेत आणि पास १, ३ किंवा ७ दिवसांचा मिळतो. सगळीकडे गाइड घेऊन फिरायचं म्हटलं तर दिवसभर कानावर माहिती आदळत राहते आणि संध्याकाळी त्यातलं काहीच डोक्यात उरत नाही. म्हणून मी प्रत्येक देवळाला एकच प्रश्न लावला: इथे असं काय आहे, जे डोळ्यांसमोर असूनही कोणी सांगितल्याशिवाय मला दिसणार नाही? उत्तर "काही नाही" असेल तिथे आम्ही दोघीच जायचं.

अंगकोर वाटचं उत्तर सरळ नव्हतं. १२व्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने हे विष्णूचं देऊळ उभारलं. त्याच्या भोवतीच्या लांबच लांब ओवऱ्यांच्या भिंतींवर कोरीव पट आहेत. पश्चिमेकडून आत गेलं की उजव्या हाताला कुरुक्षेत्र आणि डाव्या हाताला लंकेचं युद्ध. शरपंजरी पडलेले भीष्म आईने लांबूनच ओळखले. अर्जुनाचा चतुर्भुज सारथी कोण, हेही कोणी सांगावं लागलं नाही. या दोन भिंतींसाठी मराठी माणसाने गाइडला पैसे देणं म्हणजे घरची गोष्ट पाहुण्याच्या तोंडून ऐकणं. पण कोपरा वळून दक्षिणेच्या ओवरीत शिरलं की आपल्याला काही माहीत नसलेला मजकूर सुरू होतो. तिथे रामायण-महाभारत नाही, खुद्द सूर्यवर्मनची मिरवणूक आहे.

म्हणून ओळखपत्र असलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या दोन गाइडना मी आधीच निरोप पाठवून एवढंच विचारलं: "दक्षिणेच्या ओवरीत साधारण किती वेळ थांबता?" एकाने उत्तरादाखल दिवसाचा कार्यक्रमच पाठवला: सूर्योदय, अंगकोर वाट, बायोन, ता प्रोह्म, सूर्यास्त. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं. दुसऱ्याने उलट मलाच विचारलं, "तुम्ही भारतातून येताय ना? मग पश्चिमेच्या भिंती पटकन करू आणि राजाच्या मिरवणुकीला तासभर ठेवू. चालेल?" मी त्यालाच घेतलं, तेही फक्त सकाळच्या अर्ध्या दिवसासाठी. समोरच्याला काय आधीच ठाऊक असेल याचा विचार करणारा गाइड पाठ केलेलं म्हणून दाखवणार नाही, एवढं त्या एका प्रश्नावरून कळलं.

त्याने पहिली गोष्ट केली ती आमची दिशा बदलण्याची. आई सवयीने डावीकडे वळून प्रदक्षिणा घालायला निघाली होती. तो म्हणाला, "इथे उलटं फिरायचं, देऊळ डाव्या हाताला ठेवून." पटांचा क्रम तसाच आहे. ही अपसव्य दिशा अंत्यविधीशी जोडलेली असल्यामुळे, हे राजाचं मृत्यूनंतरचं स्मारक असावं असा बऱ्याच अभ्यासकांचा तर्क आहे. आम्ही आपल्या पद्धतीने गेलो असतो तर सगळं उलट्या क्रमाने पाहिलं असतं, आणि तसं करतोय याचा पत्ताही लागला नसता.

मिरवणुकीसमोर खरंच तासभर गेला. छत्रांच्या गर्दीत बसलेला राजा आम्हालाही दिसला असता. पण त्याच्याजवळ कोरलेली बारीक अक्षरं गाइडने बोटाने दाखवली, तेव्हा कुठे ती दगडाच्या पोतातून वेगळी झाली. राजाचं नाव तिथे 'परमविष्णुलोक' असं आहे, म्हणजे मरणोत्तर दिलेलं. जिवंत राजाच्या मिरवणुकीवर मेल्यानंतरचं नाव! पट, निदान हे लेख तरी, तो गेल्यावर कोरले असावेत असं त्यावरून मानतात. पुढे हत्तींवरच्या सेनापतींचीही नावं आहेत आणि एका तुकडीवर 'स्याम', म्हणजे बहुधा सयामचे लोक, असं लिहिलंय. बाकीचं सैन्य एका तालात चाललंय, ही माणसं मात्र वेगळ्याच पेहरावात, विस्कळीत. हे मी एकटीने शंभर वेळा पाहिलं असतं तरी माझ्यासाठी ती सैनिकांची एक रांगच राहिली असती.

त्यालाच लागून स्वर्ग-नरकाचा पट आहे. तिथे यम आणि चित्रगुप्त दिसताच सूत्रं आईने हातात घेतली आणि गाइड ऐकत राहिला. समुद्रमंथनापाशी आम्ही त्याला मुद्दाम गप्प राहायला सांगितलं. सुमारे ४९ मीटर लांबीचा तो पट आहे. वासुकीला ओढणारे देव आणि असुर, मधे विष्णू. तिथे माहितीपेक्षा शांतपणे चालणं जास्त महत्त्वाचं होतं. त्यापुढे ईशान्य कोपऱ्याकडचे पट १६व्या शतकात कोरलेले आहेत, हे मात्र त्याने सांगितलं म्हणून कळलं. हातांची, चेहऱ्यांची घडण एकदम ढोबळ होते. एकदा सांगितल्यावर तो फरक लपत नाही.

त्याच्याबरोबरचं दुसरं ठिकाण बायोन. सातव्या जयवर्मनचं हे देऊळ सगळ्यांना दगडी चेहऱ्यांमुळे ठाऊक असतं, आणि चेहरे बघायला कोणीच लागत नाही. गाइड लागतो तो खाली, बाहेरच्या ओवरीत. तिथे अंगकोरचे ख्मेर आणि शेजारच्या चंपा राज्यातले चाम यांची लढाई आहे, पण कोण कुठल्या बाजूचा हे कळल्याशिवाय तो नुसता गोंधळ वाटतो. आखूड केस आणि लांब कान असलेले ख्मेर. डोक्यावर उमललेल्या फुलासारखं शिरस्त्राण असलेले चाम. एवढी खूण मिळाल्यावर पुढची भिंत आम्ही आपापली वाचली आणि त्याचं काम तिथेच संपलं. बाजार आणि कोंबड्यांची झुंज आईनेच शोधून काढली.

ता प्रोह्मला गाइड न्यायचा नाही हे आधीच ठरलं होतं. भिंतींना मिठी मारून बसलेली झाडं हेच तिथलं बघण्यासारखं, आणि ते दिसतंच. गाइडबरोबरचे गट फोटोच्या दोन-तीन झाडांपाशी थांबून पुढे सरकत होते. आम्ही कोपऱ्यातल्या एका पडलेल्या दालनाजवळ गर्दी ओसरेपर्यंत बसून राहिलो, जे कुणाच्या वेळेवर चालताना जमत नाही. बान्ते स्रेईलाही दोघीच गेलो. १०व्या शतकातलं हे छोटं शिवमंदिर. कैलास हलवणारा रावण आणि शिवावर बाण रोखणारा कामदेव दारांच्या माथ्यावर इतके स्पष्ट आहेत की मराठी घरात वाढलेल्याला विचारावं लागत नाही.

प्रेआ खानबद्दल मात्र माझं मन शेवटपर्यंत दुहेरी होतं. हे मूळचं बौद्ध देऊळ, आणि नंतरच्या काळात त्यातल्या बुद्धमूर्ती छिन्नीने काढून टाकल्या गेल्या. म्हणजे तिथे बघायचं ते नसलेलं. माझ्या कसोटीनुसार तिथे गाइड हवाच. पण बायोनमधून निघताना मी आमच्या गाइडला याबद्दल विचारलं होतं, आणि त्याने दोन वाक्यांत सांगितलं: भिंतींवरचे कमानदार कोनाडे बघा, आत खडबडीत, खरवडलेली जागा दिसली की तिथे बुद्ध होता. तेवढ्यावर आम्ही एकट्या गेलो. लांबलचक मार्गिकेतून चालताना एकामागून एक रिकामे कोनाडे येत गेले, आणि आई प्रत्येकापाशी थांबून "इथेही," म्हणत होती.