सहसंबंध १.२८ आला तेव्हा

मी सांगलीतील एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. मार्च महिन्यात द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना दोघादोघांच्या गटात एक काम दिले होते. एकमेकांशी संबंध असावा असे वाटणाऱ्या दोन राशींची मोजमापे स्वतः गोळा करायची, त्यांचा सहसंबंध गुणांक काढायचा, वर्गात सगळे जिला रिग्रेशन लाइनच म्हणतात ती समाश्रयण रेषा काढायची आणि तिच्या चढाचा अर्थ आपल्या शब्दांत लिहायचा. हिशेब दोघांनी वेगवेगळा करून मग ताडून पाहायचा, एवढी एकच अट होती.

तासगावहून येणारी एक मुलगी चुलत्यांच्या बेदाणा शेडवरून आठ लॉटची माहिती घेऊन आली होती. प्रत्येक लॉटच्या द्राक्षांचा ब्रिक्स, म्हणजे रसातील गोडीचे माप, आणि शंभर किलो द्राक्षांमागे उतरलेला बेदाणा किलोमध्ये. जोड्या अशा होत्या: १८ ब्रिक्सला २० किलो, १९ ला २२, २० ला २१, २१ ला २४, २२ ला २३, २३ ला २६, आणि २४ ब्रिक्सच्या दोन लॉटना २५ व २७ किलो.

दुपारच्या सुट्टीत ती वही घेऊन आली आणि म्हणाली, “सर, माझा आर १.२८ आलाय. म्हणजे माझं कुठंतरी चुकलंय. याचा ०.९१ आलाय, तोच धरू का?” सहसंबंध गुणांक उणे एक ते अधिक एक या मर्यादेबाहेर जाऊच शकत नाही, हे तिला पाठ होते आणि त्यामुळे चूक तिची तिलाच सापडली होती. तिच्या जोडीदाराचा ०.९१ मात्र सर्व बाजूंनी शहाण्यासारखा दिसत होता. मीही क्षणभर होकार देणार होतो, पण सवयीने दोघांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या.

दोघांनी एकच सूत्र वापरले होते. वर्गांच्या बेरजेतून सरासरीच्या वर्गाची आठपट वजा करायची, आणि गुणाकारांच्या बेरजेतून दोन्ही सरासऱ्यांच्या गुणाकाराची आठपट वजा करायची. बेदाण्याची सरासरी नेमकी २३.५ किलो होती, तिथे प्रश्न नव्हता. ब्रिक्सची सरासरी २१.३७५ येते. मुलीने ती सोईसाठी २१ केली होती आणि जोडीदाराने २१.४.

हे सूत्र सरासरी ढोबळ करण्याला फार क्षमा करीत नाही. ब्रिक्सच्या वर्गांची बेरीज ३६९१ आणि वजा करायची संख्या ३६५५.१२५, दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या संख्यांच्या वजाबाकीतून आपल्याला हवे ते ३५.८७५ एवढेच उरते. सरासरी २१ धरली की हीच बाकी १६३ होते, म्हणजे साडेचारपट. गुणाकारांची बाकी ३५.५ ऐवजी १०६ होते, आणि त्यातून अशक्य असा १.२८ निघतो. एका अर्थाने मोठी चूक करणारी मुलगी भाग्यवान ठरली होती, कारण तिची चूक ओरडून सांगत होती.

जोडीदाराची चूक गप्प होती. सरासरी २१.४ धरल्यावर ब्रिक्सची बाकी ३५.८७५ वरून २७.३२ झाली, म्हणजे जवळजवळ चोवीस टक्क्यांनी घटली, आणि गुणाकारांची बाकी ३५.५ वरून ३०.८ झाली, म्हणजे सुमारे तेरा टक्क्यांनी घटली. सहसंबंध गुणांकात गुणाकारांची बाकी अंशात आणि ब्रिक्सची बाकी छेदात वर्गमुळाखाली असते, त्यामुळे छेदही सुमारे तेरा टक्क्यांनीच घटला, आणि अंश व छेद यांतील घट एकमेकांना खाऊन गेली. खरा गुणांक ०.९१५ आणि त्याचा ०.९०९. चढात मात्र वर्गमूळ नाही. तिथे ३५.५ भागिले ३५.८७५ म्हणजे ०.९९ यायला हवे होते, त्याऐवजी त्याला १.१३ मिळाले होते. गुणांक निर्दोष दिसत असताना रेषा चुकलेली असू शकते, हे इतक्या उघडपणे मी स्वतः प्रथमच पाहत होतो.

पडताळा म्हणून मी मुलीला तिचीच २१ ही संख्या पुन्हा घ्यायला सांगितली, पण सरासरी म्हणून नव्हे, तर कल्पित मूळ म्हणून. प्रत्येक ब्रिक्समधून २१ आणि प्रत्येक वजनातून २४ वजा केले की हाती उणे ४ ते ३ एवढेच लहान आकडे उरतात. ब्रिक्सच्या फरकांची बेरीज ३ येते, वर्गांची ३७; आणि ३७ मधून ३ च्या वर्गाचा आठवा भाग वजा केला की पुन्हा ३५.८७५. मूळ कोणतेही घ्या, दुरुस्तीचे पद गाळले नाही तर उत्तर बदलत नाही.

जोडीदार सहजी ऐकणारा नव्हता. “सर, पण १.१३ च बरोबर वाटतंय. वाळवताना पाणीच उडतं ना, साखर कुठं जाते?” त्याचे म्हणणे टाकाऊ नव्हते. ब्रिक्स एकाने वाढला म्हणजे शंभर किलो द्राक्षांत विरघळलेले घन पदार्थ साधारण एक किलोने वाढले. तयार बेदाण्यात सुमारे पंधरा टक्के ओल धरली, तर तो एक किलो साधारण १.१८ किलो बेदाणा होऊन उतरायला हवा. मला हा युक्तिवाद आवडला, आणि म्हणूनच तो नाकारणे भाग होते, कारण अपेक्षेच्या जवळ आले म्हणून चुकीचा हिशेब बरोबर ठरत नाही. शिवाय आठच ठिपक्यांवरून काढलेल्या या चढाची ९५ टक्के विश्वास-मर्यादा ०.५५ ते १.४३ एवढी रुंद आहे, त्यात ०.९९, १.१३ आणि १.१८ हे तिघेही सुखाने बसतात.

मग चढ अपेक्षेपेक्षा कमी का, हे मुलीनेच उलगडले. शेडवर ब्रिक्समीटरच्या काचेवर दोन-चार मण्यांचा रस पिळून वाचन घेतात आणि तोच पूर्ण लॉटचा आकडा म्हणून लिहितात. आडव्या अक्षावरच्या मोजमापात अशी चूक असली की ठिपके आडवे विस्कटतात आणि रेषा थोडी झोपते. काड्या व खराब मणी निवडताना होणारी घट वेगळीच.

शेवटी रेषा ठरली ती अशी:

```
y = 2.35 + 0.99x
```

अर्थ लिहिताना मुलीचे पहिले वाक्य होते, “चढ जवळजवळ १ आहे, म्हणून संबंध जवळजवळ पूर्ण आहे.” मी तिला बेदाण्याचे वजन ग्रॅममध्ये लिहून पाहायला सांगितले. चढ ९९० झाला आणि गुणांक ०.९१ वरून हलला नाही. चढाला एकके असतात, गुणांकाला नसतात. ठिपके रेषेला किती चिकटून आहेत हे गुणांक सांगतो, आणि चढ सांगतो तो किलोचा हिशेब. २.३५ या आंतरछेदावर तिने स्वतःच काट मारली, कारण शून्य ब्रिक्सच्या द्राक्षांतून सव्वादोन किलोवर बेदाणा निघतो असे चुलत्यांना सांगण्याची तिची तयारी नव्हती.

तिने लिहिलेले अंतिम वाक्य मी वहीवर तसेच राहू दिले: “या शेडवरील या आठ लॉटमध्ये, १८ ते २४ ब्रिक्सच्या दरम्यान, ब्रिक्स एकाने जास्त असलेल्या द्राक्षांचा बेदाणा शंभर किलोमागे सरासरी ०.९९ किलो जास्त उतरला.” जोडीदाराने त्याखाली पेन्सिलीने २१.३७५ लिहून तीन दशांश स्थळांभोवती वर्तुळ काढले होते. पुढच्या आठवड्यात मुलीने विचारले की नवव्या लॉटसाठी एका घडाऐवजी दहा घडांतून मणी घेतले, तर तो ठिपका याच आलेखावर टाकायचा की वेगळा धरायचा. वेगळा धर, असे मी म्हणालो.