बॅग दोन दिवस हरवली, लेक अकरा मिनिटं: टॅगवर आणि मनगटपट्टीवर नेमके कोणते नंबर लिहावेत

सहा दिवसांच्या परदेश सहलीत आमची एक बॅग दोन दिवस बेपत्ता होती आणि आमची पाच वर्षांची लेक अकरा मिनिटं. दोघींवरही फोन नंबर लिहिलेला होता आणि दोन्ही वेळा तो कुचकामी ठरला. कारणं मात्र अगदी उलटी होती. तुम्ही निघण्याआधी पंधरा मिनिटं काढून हे वाचलंत, तर आमच्यासारखी धावपळ होणार नाही.

आधी बॅगेचं. मधल्या विमानतळावर विमान बदलायला वेळ कमी होता. आम्ही पोचलो, बॅग मागेच राहिली. सामानाच्या काउंटरवर तक्रार नोंदवली. त्या कागदाला पीआयआर म्हणतात आणि तो हातात घेतल्याशिवाय विमानतळाबाहेर पडू नका. त्यावर एक तक्रार क्रमांक असतो, पुढची सगळी चौकशी त्याच्यावर चालते. बॅग सापडते ती मात्र दुसऱ्याच आकड्यावर. चेक-इनच्या वेळी बॅगेला जी लांब पट्टी लावतात, तिच्यावर दहा अंकी क्रमांक असतो. त्यातले दुसरा ते चौथा हे अंक विमान कंपनीचे, शेवटचे सहा त्या बॅगेचे. त्याचीच छोटी प्रत आपल्याला देतात. ती मी बोर्डिंग पाससोबत फेकून देणार होते, नवऱ्याने जपून ठेवली म्हणून वाचलो.

बॅग दुसऱ्याच दिवशी सापडली होती. पोचवणारा माणूस हॉटेलपर्यंत आला, आत कोणाला विचारावं हे कळेना, म्हणून त्याने बॅगेला लटकवलेल्या आमच्या टॅगवरचा नंबर फिरवला. नंबर माझा, देशाच्या क्रमांकासकट अगदी बरोबर लिहिलेला. पण त्या वेळी माझं घरचं सिम पाकिटात एका चिमुकल्या पिशवीत होतं, कारण उतरल्या उतरल्या मी तिथलं सिम घातलं होतं. फोन बंद, माणूस बॅग घेऊन परत.

म्हणजे टॅगवर आपला स्वतःचा नंबर लिहिताना विचारायचा प्रश्न हा, की त्या दिवशी तो वाजणार आहे का? प्रवासात आपलाच फोन सगळ्यात बेभरवशाचा. विमानात बंद, सिम बदललेलं, चार्ज संपलेला. म्हणून बॅगेवर पहिला नंबर घरी राहिलेल्या माणसाचा असावा. आम्ही आता माझ्या भावाचा लिहितो. शिवाय एक ईमेल पत्ता. बॅगेची गोष्ट तासांची, दिवसांची असते, त्यामुळे ईमेल चालतो आणि तो कुठल्याही वायफायवर बघता येतो. भावाला एकच सांगून ठेवायचं, की या आठवड्यात परदेशातून अनोळखी नंबर आला तर कापू नकोस. अनोळखी कॉल आपोआप गप्प करण्याची सोय फोनमध्ये चालू असेल तर तीही बंद करायला सांगा. आमच्याकडे ती चालू होती, हे नंतर कळलं!

आता लेकीचं. मोठं संग्रहालय, शाळांच्या सहली आलेल्या. एका दालनातून दुसऱ्यात जाताना ती दिसेनाशी झाली. एका सुरक्षारक्षकाने तिला शांतपणे चौकशीच्या टेबलापाशी नेलं, मनगटावरची पट्टी पाहिली आणि टेबलावरच्या लँडलाइनवरून नंबर फिरवला. नवऱ्याचा फोन रोमिंगवर चालू होता, त्याच्या हातातच होता. वाजला नाही. कारण पट्टीवर नंबर घरी लिहितो तसा लिहिला होता, सुरुवातीला शून्य आणि देशाचा क्रमांक नाहीच. शेवटी मीच धापा टाकत टेबलापाशी पोचले तेव्हा ती निवांत बसून रक्षकाच्या टोपीशी खेळत होती.

बहुतेक देशांत आतल्या आत फोन करताना जो शून्य लागतो, तो बाहेरून करताना गाळायचा असतो. (इटलीतले लँडलाइन नंबर अपवाद, त्यांचा शून्य कायम राहतो.) म्हणून अधिकचं चिन्ह, मग देशाचा क्रमांक, मग शून्याविना नंबर असं लिहायचं. मोबाइलवरून तो जगात कुठूनही लागतो. पण लँडलाइनवर + दाबायला बटणच नसतं. तिथे आधी बाहेरचा कोड लागतो, पुष्कळ देशांत ००, उत्तर अमेरिकेत ०११. शिवाय कित्येक कार्यालयांच्या फोनवरून परदेशी कॉल बंदच असतात. मूल सापडलेला माणूस बहुधा अशाच टेबलावरचा फोन उचलतो.

म्हणून मुलाच्या पट्टीवर पहिला नंबर तिथल्या सिमचा हवा आणि तो तिथले लोक जसा लिहितात तसा, शून्य लागत असेल तर शून्यासकट. दुसरा नंबर दुसऱ्या पालकाचा, + लावून. तिसरा नको, गर्दीत घाबरलेल्या माणसाला निवड करायला लावू नये. ईमेल तर नकोच, इथे मिनिटांचा हिशोब आहे. पट्टी विमानतळावर सिम घेतल्यावरच लिहायची, त्यामुळे मार्कर हातातल्या पिशवीत ठेवा. लिहून झाली की हॉटेलच्या रिसेप्शनवर सांगा, "हा नंबर जसा दिसतोय तसा लावून बघा." तुमचा फोन वाजला तरच काम झालं.

अंकांबद्दल एक गंमत. आईने घरी प्रेमाने एक टॅग देवनागरी अंकांत लिहिला होता. परक्या माणसाला आपला १ नऊसारखा दिसतो आणि ४ आठसारखा. तो नंबर वाचेल आणि खुशाल चुकीचा फिरवेल. तेव्हा अंक इंग्रजीच, सुटे सुटे, तीन-चारच्या गटांत. आणि 'न पुसणारी' शाई सॅनिटायझरने पुसते, कारण ती अल्कोहोलमध्ये विरघळते. लेकीच्या पट्टीवरचे शेवटचे दोन अंक तसेच गेले. वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा.

काय लिहायचं नाही? मुलाचं नाव दर्शनी बाजूला नको. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल त्याला ओळखीचा समजतं. हॉटेलची खोली क्रमांक नको. पासपोर्ट क्रमांक कुठेच नको, शोधणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. बॅगेवर घराचा पत्ता नको, कारण बॅग प्रवासात आहे म्हणजे घर बंद आहे हे कोणालाही कळतं. पत्ता हवाच तर बॅगेच्या आत, सगळ्यात वर, एका कागदावर. बाहेरचा टॅग तुटला तर तोच कागद उपयोगी पडतो. पीएनआरही नको. अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर बुकिंग उघडतं. जुन्या प्रवासाच्या पट्ट्या आणि त्यांचे छोटे बारकोडही काढून टाका, नाहीतर यंत्र चुकीचा बारकोड वाचू शकतं.

रक्तगट लिहू का, असं बहिणीने विचारलं. रक्त देण्याआधी रुग्णालय स्वतः तपासणी करतंच, तेव्हा ती जागा वाया जाते. गंभीर ॲलर्जी असेल तर मात्र तिथल्या भाषेत एका शब्दात लिहा.

परतीच्या दिवशी विमानतळावर आम्ही लेकीची पट्टी कापली आणि नवी लावली. तिथलं सिम आता निघणार होतं. मधल्या विमानतळासाठी पहिला नंबर नवऱ्याचा रोमिंगवाला, दुसरा माझ्या भावाचा, दोन्ही + लावून.