मंडळाचं नाव खरं, वेबसाइट कुणाची?

सुट्टीला ठाण्यात आले की नौपाड्यात माझ्याकडे एक काम ठरलेलं असतं. कुणाचा तरी मुलगा किंवा सून नुकतीच इंग्लंडला गेलेली असते आणि आईला तिथलं मराठी मंडळ, जवळचं वाण्याचं दुकान आणि गणपती कुठे बसतो हे हवं असतं. यंदा आमच्या शेजारच्या काकूंनी व्हॉट्सॲपवर आलेली एक यादी पुढे केली. ‘यूकेतील मराठी मंडळे’ असं तिचं शीर्षक. यादी जुनी होती, पण नावं बहुतेक खरी होती. घोळ नावांत नव्हता, त्यांच्यापुढच्या पत्त्यांत होता.

काकूंच्या लेकीच्या गावाजवळच्या मंडळाची लिंक उघडली. वर मंडळाचं नाव, एका कोपऱ्यात गणपतीचं चित्र, आणि खाली इंग्रजीत ऑनलाइन जुगाराचे लेख. काकू म्हणाल्या, “अगं, मंडळातली माणसं असले धंदे करतात?” करत नाहीत. त्यांचा पत्ता दुसऱ्या कुणीतरी उचललाय, एवढंच.

हे कसं होतं ते समजायला मंडळ चालतं कसं ते माहीत असावं लागतं. कार्यकारिणी दर एक-दोन वर्षांनी बदलते आणि सगळे नोकरी सांभाळून काम करतात. वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिच्या पत्त्यातलं नाव, बहुधा कुणा जुन्या खजिनदाराने स्वतःच्या ईमेलवरून घेतलेलं असतं. तो दुसऱ्या गावी जातो, ईमेल बदलतो, आणि नूतनीकरणाची पत्रं कुणीच न बघणाऱ्या खात्यात पडत राहतात. मुदत संपली तरी .org किंवा .com सारखं नाव लगेच जात नाही. नोंदणी कंपनी काही दिवसांची सवलत देते, नाव रद्द झाल्यावरही साधारण 30 दिवस जास्तीचे पैसे भरून ते परत मिळवता येतं, आणि त्यानंतर 5 दिवसांनी ते खुलं होतं. असली नावं टिपून बसलेली माणसं असतात. वर्षानुवर्षं मंडळाकडे वळलेली माणसं आणि लिंका त्यांना फुकटात मिळतात.

म्हणून मी काकूंना डोमेनच्या नोंदणीची माहिती दाखवणाऱ्या lookup.icann.org वर ते नाव टाकायला सांगितलं. तिथे Created म्हणून जी तारीख येते ती बघायची. मंडळ जुनं आणि तारीख अलीकडची असेल, तर नाव मध्ये सुटून पुन्हा नोंदलं गेल्याची शक्यता मोठी. आमच्या लिंकची तारीख अगदी अलीकडची निघाली. पण या तारखेवर सगळा भरवसा टाकू नका. नाव रद्द होण्याआधीच कुणी लिलावात घेतलं तर जुनीच तारीख कायम राहते आणि सगळं ठीक वाटतं. तेव्हा दुसरी तपासणी साइटच्या जुन्या पानांच्या प्रती साठवणाऱ्या web.archive.org वर करायची: तोच पत्ता टाकून वर्षावर्षाची पानं चाळायची. आमच्या बाबतीत आधीच्या वर्षांत कोजागिरीचे फोटो आणि मराठी शाळेचं वेळापत्रक होतं, मग मोठी पोकळी, आणि मग एकदम जुगार. तिथे निकाल लागला. (पत्ता .uk ने संपणारा असेल तर नॉमिनेट या संस्थेच्या साइटवर शोधता येतं.)

आता खरं मंडळ कुठे आहे? इथे मी गूगलपासून सुरुवात करत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये वर्षाला 5,000 पौंडांहून जास्त उत्पन्न असलेल्या धर्मादाय संस्थेला चॅरिटी कमिशनकडे नोंदणी करावी लागते आणि ही नोंदवही कुणालाही फुकट बघता येते. शोधताना ‘Maharashtra’, ‘Marathi’, ‘Mandal’ हे सगळे शब्द वेगवेगळे टाका, कारण नोंदलेलं नाव आणि आपण बोलताना घेतो ते नाव सारखं असेलच असं नाही. नोंदीत विश्वस्तांची नावं, उत्पन्न आणि वेबसाइटचा पत्ता असतो. काकूंच्या यादीतलं मंडळ तिथे सापडलं, वेगळ्याच पत्त्यासह. तरी हा पत्ताही मंडळानेच भरलेला असतो, म्हणून मी तो त्यांच्या फेसबुक पानावरच्या पत्त्याशी पडताळला. त्या पानाच्या माहितीत ‘पेज ट्रान्सपरन्सी’ असा भाग असतो. पान कधी सुरू झालं आणि पूर्वी त्याचं नाव काय होतं, ते तिथे दिसतं. आधी भलत्याच नावाचं असलेलं पान गणपतीच्या महिनाभर आधी ‘मराठी मंडळ’ झालं असेल, तर सोडून द्या.

नोंदवहीत नाव नाही म्हणून मंडळ खोटं ठरत नाही. पंचवीस-तीस कुटुंबांचं मंडळ त्या उत्पन्नाच्या मर्यादेखाली असतं. स्कॉटलंडची नोंदवहीच वेगळी. अमेरिकेत असाल तर बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या bmmonline.org वर सदस्य मंडळांची यादी आहे, आणि देणगी करमुक्त आहे असा कुणी दावा करत असेल तर तो अमेरिकी प्राप्तिकर खात्याच्या साइटवर तपासता येतो.

साइट गबाळी दिसते म्हणूनही घाबरू नका. मागच्या वर्षीच्या दिवाळीची जाहिरात अजून पहिल्या पानावर लटकत असेल, तर उलट मला बरं वाटतं. ठगांना एवढा आळस परवडत नाही. कार्यक्रमाची तारीखही तिथीशी जुळेलच असं नाही. गणेश चतुर्थी 2026 मध्ये 14 सप्टेंबरला, सोमवारी आहे, पण तिकडे हॉल शनिवार-रविवारचाच मिळतो आणि माणसंही तेव्हाच मोकळी असतात. कुलूपाच्या चिन्हावर मात्र विसंबू नका. मधल्या वाटेत कुणी माहिती वाचत नाही एवढंच ते सांगतं, साइट कुणाची आहे ते सांगत नाही.

तिकिटाची लिंक कुठल्याही तिकीट कंपनीच्या पानावर कुणीही बनवू शकतं, म्हणून ती मंडळाच्या साइटवरूनच उघडा. आणि पैसे ठाण्यातून आई-बाबांनी भरू नयेत, तिथे राहणाऱ्याने भरावेत. ब्रिटनमधल्या बहुतेक बँका पैसे पाठवण्याआधी खातेधारकाचं नाव जुळतं का ते दाखवतात. मंडळाचं नाव टाकल्यावर ‘जुळत नाही’ आलं तर थांबायचं. लहान मंडळं कधीकधी खजिनदाराच्या वैयक्तिक खात्यात पैसे घेतात, हे खरं आहे. तसं असेल तर मंडळाच्या साइटवरच्या फोनवर विचारा, किंवा दारात तिकीट मिळेल का ते बघा.

दुकानांचं त्या मानाने सोपं. ब्रिटनमध्ये कंपनीने आपलं नोंदणीकृत नाव, क्रमांक आणि पत्ता साइटवर द्यावाच लागतो, आणि तो क्रमांक कंपनीज हाउस या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या साइटवर टाकला की कंपनी चालू आहे का बंद झाली ते कळतं. माझी स्वतःची एक परीक्षा आहे, ती हापूसची. फेब्रुवारी ते जूनच्या बाहेर रत्नागिरी हापूसची ताजी पेटी ‘स्टॉकमध्ये’ दिसली, तर त्या साइटवरून मी भाजणीसुद्धा मागवत नाही. काकूंनी हे लगेच लेकीला फोन करून सांगितलं. तिने मागवायला घेतलेल्या दुकानात ऑक्टोबरात हापूस होता, आणि कंपनीचा क्रमांक कुठेच नव्हता.